पहिलं पाऊल कुणाचं?

गेल्या वर्षी सात जानेवारीला, सकाळचा दुसरा चहा हातात असताना, मी सर्बियातल्या मैत्रिणीला तिच्या नाताळाच्या शुभेच्छा पाठवल्या. त्यात विशेष काही नव्हतं. बेलग्रेड सोडून पुण्याला परत आल्यापासून मी दर वर्षी पाठवते, आणि 'हॅपी ख्रिसमस' वगैरे न लिहिता तिकडे म्हणतात तसंच लिहिते: 'ह्रिस्तोस से रोदी'. ख्रिस्त जन्मला. त्यावर उत्तर ठरलेलं असतं: 'वाइस्तिनु से रोदी'. खरोखर जन्मला. आपल्याकडे सव्वानऊ म्हणजे तिथे अजून पहाटेचे पावणेपाच. ती उठेल, दुपारपर्यंत उत्तर देईल, असा माझा हिशेब होता. चहाचा घोट घेईपर्यंत 'वाइस्तिनु से रोदी' आलंसुद्धा. आणि पाठोपाठ दुसरी ओळ: 'घरात आज सगळ्यांत आधी तूच आलीस. आता वर्षभर तूच.' पुढे हसणारा चेहरा.

हसणारा चेहरा होता म्हणून मीही हसले. पण 'आता वर्षभर तूच' हे दिवसभर डोक्यात घोळत राहिलं, कारण त्याचा अर्थ मला ठाऊक होता. मी ते घर पाहिलेलं आहे.

बेलग्रेडला नोकरीला होते तेव्हाच्या एका हिवाळ्यात ती मला तिच्या आजीकडे घेऊन गेली होती, शुमादियातल्या एका गावात. शहराच्या दक्षिणेला टेकड्याच टेकड्या आणि त्यांवर आलुबुखाऱ्याच्या बागा, असा तो मुलूख. सहा जानेवारीची संध्याकाळ, म्हणजे त्यांची 'बाद्न्ये वेचे'. पहाटे तिचे वडील रानात जाऊन ओकचं एक कोवळं झाड तोडून घेऊन आले होते. या झाडाला म्हणायचं 'बाद्न्याक'. हिवाळ्यातही त्याची पानं गळत नाहीत, तपकिरी होऊन फांदीलाच राहतात आणि जरा हात लागला की कागदासारखी कुरकुरतात. शहरातल्या फ्लॅटवाल्यांना रान कुठलं? ते कालेनिचच्या बाजारातून ओकच्या डहाळ्या आणि थोडं गवताचं काड अशी बांधलेली जुडी आणतात आणि संध्याकाळी देवळाच्या आवारात पेटवलेल्या मोठ्या आगीत टाकतात. इथे मात्र झाड दिवसभर दाराशी टेकून उभं होतं. अंधार पडल्यावर वडील त्याचा ओंडका आत घेऊन आले, आजीने त्यांच्यावर मूठभर गहू उधळले आणि ओंडका स्वयंपाकघरातल्या चुलीत गेला. ही चूल म्हणजे स्मेदेरेवो गावाच्या नावाने ओळखली जाणारी लोखंडी लाकूड-चूल, वरच्या पत्र्यावर चार पातेली मावतील एवढी. मग आजीने जेवणाच्या टेबलाखाली गवत पसरलं. त्यात अक्रोड, सुकी अंजिरं आणि गोळ्या-चॉकलेटं टाकली. ती कोंबडीसारखी 'क्वो क्वो' करत पुढे आणि घरातली पोरं 'पियु पियु' करत तिच्या मागे गवतात हात घालून शोधताहेत. चाळिशीतली माझी मैत्रीणही त्यात. जेवण उपासाचं होतं, कारण नाताळापर्यंत त्यांचा चाळीस दिवसांचा उपास चालतो. मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी नाही. मासा मात्र चालतो. आमच्या ताटात भरपूर कांदा घालून भट्टीत भाजलेला पांढरा घेवडा आणि तळलेला मासा होता. उपासाला मासा चालतो पण ताक नाही हे ऐकून फोनवर माझी आई बराच वेळ गप्प होती.

पण सांगायचंय ते सकाळचं.

सकाळी उजाडायच्या आधी सगळे उठून बसले होते आणि कुणीच दाराबाहेर जात नव्हतं. वाट चालली होती शेजारच्या एका मुलाची. नाताळच्या सकाळी घरात पहिला जो येतो त्याला म्हणायचं 'पोलोझायनिक'. घराचं वर्ष त्याच्यावरून जातं अशी समजूत. म्हणून तो कोण असावा हे नशिबावर सोडत नाहीत, आधीच सांगून ठेवतात. धडधाकट हवा, सुस्वभावी हवा, आणि गेलं वर्ष बरं गेलं असेल तर गेल्या वर्षीचाच हवा. वाईट गेलं असेल तर, काही न बोलता, माणूस बदलतात. मैत्रिणीच्या वडिलांनी सांगितलं की जुन्या काळी काही घरं माणसावर विसंबतच नसत, सरळ बैल किंवा मेंढा आत आणत. बैलाच्या मनात काही नसतं, म्हणाले.

मुलगा आला, सतरा-अठराचा, थंडीने लाल झालेला. उजवा पाय आत टाकला आणि म्हणाला, 'ह्रिस्तोस से रोदी'. घरातले सगळे एका दमात म्हणाले, 'वाइस्तिनु से रोदी'. आजीने त्याच्या अंगावर गहू फेकले, ते त्याच्या केसांत अडकले. तो चुलीपाशी गेला, लोखंडी दार उघडलं, ओकची एक डहाळी घेऊन आतल्या जळत्या ओंडक्यावर हाणली. भसकन ठिणग्या उडाल्या. त्याबरोबर त्याने पाठ असलेलं म्हटलं: जितक्या ठिणग्या तितका पैसा, तितकी मेंढरं, तितकी कोकरं, तितकी डुकराची पिल्लं, आणि सगळ्यांत जास्त आरोग्य आणि आनंद. वडील मध्येच म्हणाले, 'अजून हाण, मेंढरं कमी पडली.' मग त्याला एका बुटक्या स्टुलावर बसवलं. बसवताना मैत्रिणीच्या भावाने स्टूल ओढून घ्यायचा प्रयत्न केला, कारण पाहुणा धपकन पडला तर ते चांगलं मानतात. तो सावध होता. बसल्यावर आजीने त्याच्या खांद्यांवर जाडजूड लोकरी कांबळं घातलं. का? तर त्या कांबळ्यासारखीच वर्षभर दुधावर जाड साय धरावी म्हणून. तिथल्या सायीला 'कायमाक' म्हणतात आणि तिच्यावरून त्या गावात भांडणं होऊ शकतात एवढी ती महत्त्वाची. जाताना त्या मुलाला राकियाचा, म्हणजे तिथल्या फळांच्या दारूचा, एक पेला, एक छोटी गोल पोळी आणि आजीने विणलेले लोकरीचे मोजे मिळाले. मी कोपऱ्यात बसून सगळं बघत होते. रात्रीपासून घरातच होते, म्हणून माझी गणना येणाऱ्यांत नव्हती.

आपल्याकडे याला पायगुण म्हणतात, आणि म्हणूनच मला हसू पुरलं नाही.

पायगुण हा शब्द मी लहानपणी कौतुकातही ऐकलाय आणि कुजबुजीतही. आमच्या एका काकूच्या लग्नानंतर आठच महिन्यांत आजोबा गेले. ऐंशीच्या पुढचे, दम्याचे जुने आजारी. पण ती माप ओलांडून आली आणि हे झालं, एवढा हिशेब घरातल्या बायकांना पुरला. तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त पुढे कुठलंही शुभकार्य असलं की 'तू जरा आत बस' असं तिला अगदी प्रेमाने सांगितलं जायचं. काकू आत बसून सगळ्यांसाठी नारळ खवत राहायची. सर्बियातल्या त्या मुलाचं बरं होतं. वर्ष वाईट गेलं तर पुढच्या वर्षी त्याला निरोप येणार नाही, एवढंच, आणि मोज्यांचा जोड जाईल. नव्या सुनेला अशी सुट्टी नसते. शिवाय तिकडे हा मान बहुतेक पुरुषाला किंवा मुलाला देतात, आणि मी बाई, परदेशी, त्यांच्या धर्माबाहेरची, अशी फोनमधून आत शिरलेली. विनोद आहे हे कळत होतं. पण काकूच्या घरात वाढलेल्या माणसाला या विषयावरचे विनोद नीट हसता येत नाहीत.

बरं, मी हे शब्द म्हणावेत की नाही, हा प्रश्न त्याआधीचा. मी ख्रिस्ती नाही. 'शुभ नाताळ' म्हणण्यात काही दावा नसतो, 'ख्रिस्त जन्मला' म्हणण्यात असतो, आणि समोरचा 'खरोखर जन्मला' असं म्हणून त्यावर शिक्का मारतो. बेलग्रेडच्या पहिल्या हिवाळ्यात मी अडखळायचे. ऑफिसात सगळे शिरताना 'दोबार दान', म्हणजे शुभ दिवस, याच्या ऐवजी हेच म्हणायचे आणि मी नुसती मान हलवायचे. सोडवलं ते मैत्रिणीच्या वडिलांनीच. ते युगोस्लाव्हियाच्या काळात वाढलेले. तेव्हा नाताळ हा कामाचा दिवस असे. झाड सजायचं ते नववर्षासाठी आणि भेटी आणायचा तो 'देदा म्राझ', म्हणजे थंडीबाबा. त्यांच्या आईने, म्हणजे आजीने, गवत आणि ओक गावात चालू ठेवलं, आणि ते स्वतः शहरात जाऊन अभियंता झाले. देवावर त्यांचा विश्वास नाही हे ते कुणालाही सांगतात. पण कुणी 'ह्रिस्तोस से रोदी' म्हटलं की उत्तर देतात, स्पष्ट आणि पूर्ण. मी कारण विचारलं तर म्हणाले, 'कुणी मला शुभ दिवस म्हटलं तर मी आधी आभाळ बघतो का?' दुसऱ्या दिवसापासून मी म्हणायला लागले.

आणि म्हणायला लागल्यावर लक्षात आलं की या शुभेच्छा अर्ध्याच असतात. मी माझा भाग पाठवला की काम संपत नाही, तो लोंबकळत राहतो. 'थँक यू, सेम टू यू' हे तिथे बसतच नाही. नवखे लोक नेमकं तेच लिहितात आणि समोरच्याला कळतं की याला फक्त तारीख माहीत आहे. तारखेचाही घोळ होतोच. इथली मंडळी पंचवीस डिसेंबरला लाल टोपीवाली चित्रं पाठवतात. त्या दिवशी सर्बियातले बहुतेक लोक कामावर असतात आणि उपास अजून सुटायचा असतो. काही जण उत्साहाने सहा तारखेला पाठवतात, तेही चुकतं, कारण सहाला जन्म झालेलाच नसतो. संध्याकाळी 'बाद्न्ये वेचे'च्याच शुभेच्छा द्यायच्या. सातच्या सकाळपासून मात्र हेच शब्द, फोन उचलतानासुद्धा हेच, आणि त्यांचा नाताळ तीन दिवसांचा असल्याने नऊ तारखेपर्यंत कुणी उशीर झाला म्हणत नाही. सगळ्यांना एकदम ढकललेला मेसेज तिकडे फारसा आवडत नाही. ओळखीच्या माणसाकडून फोनची अपेक्षा असते, निदान नाव घालून लिहिलेल्या दोन ओळींची.

सात जानेवारी का, याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं: चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतं, ते सध्या तेरा दिवस मागे आहे, त्यामुळे तिकडचा पंचवीस डिसेंबर आपल्या सातला येतो. त्याच हिशेबाने त्यांचं जुनं नववर्ष बरोबर चौदा जानेवारीला, आपल्या संक्रांतीच्या आसपास पडतं, आणि त्या दिवशी मी तिला तिळाच्या लाडवांचा फोटो पाठवते. मला यातली मजा वाटते ती मिलुतिन मिलांकोविच या माणसामुळे. हिमयुगं का येतात याचा हिशेब पृथ्वीच्या कक्षेवरून मांडणारे हे सर्बियन शास्त्रज्ञ. दोन हजार दिनारच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. 1923 साली कॉन्स्टँटिनोपलला ऑर्थोडॉक्स चर्चची परिषद भरली, तिथे सर्बियाच्या बाजूने तेही गेले आणि पंचांगाची दुरुस्ती मांडून आले. शतकाचं वर्ष लीप धरायचं की नाही हे त्यांनी नऊशेने भागून ठरवलं: बाकी दोनशे किंवा सहाशे उरली तरच लीप. हा हिशेब आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगापेक्षाही सूर्याला जास्त जवळ जातो, आणि दोन्हींत 2800 सालापर्यंत एका दिवसाचाही फरक पडत नाही. ग्रीकांनी ही दुरुस्ती घेतली, रुमानियाने घेतली, पुढे बल्गेरियानेही. त्यांचा नाताळ पंचवीस डिसेंबरला येतो. सर्बियन चर्चने मात्र आपल्याच माणसाचं पंचांग आजतागायत घेतलेलं नाही. मैत्रिणीच्या वडिलांना हा किस्सा राकियाच्या दुसऱ्या पेल्यानंतर हमखास आठवतो. ज्युलियन पंचांग असंच चालू राहिलं तर 2100 सालानंतर फरक चौदा दिवसांचा होणार आणि 2101 चा नाताळ आठ जानेवारीला येणार. 'तेव्हा तुझी नातवंडं एक दिवस आधी मेसेज पाठवतील,' ते म्हणतात.

त्या गावातल्या नाताळाचा आणखी एक भाग आहे, तो मी मुद्दाम मागे ठेवला. दुपारी जेवणाआधी सगळे टेबलाभोवती उभे राहिले. मधोमध 'चेस्नित्सा', म्हणजे पोटात एक नाणं दडवून भाजलेला गोल पाव. तो सगळ्यांनी हात लावून फिरवायचा आणि मग तोडायचा. त्याआधी प्रत्येकाने प्रत्येकाला 'मिर बोझ्यी, ह्रिस्तोस से रोदी' म्हणायचं, म्हणजे आधी देवाची शांती आणि मग जन्माची बातमी, समोरच्याने उत्तर द्यायचं, आणि तीनदा गालाला गाल लावायचा. टेबलापाशी मैत्रिणीचे वडील होते आणि त्यांचा धाकटा भाऊही. जमिनीच्या एका पट्ट्यावरून दोघांचं उन्हाळ्यापासून बोलणं बंद होतं. आलुबुखाऱ्याच्या दोन ओळी कुणाच्या, एवढाच वाद, आणि तो कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगायला नको. रात्रीच्या जेवणात दोघांनी एकमेकांकडे मिठाची बाटलीसुद्धा मागितली नव्हती. फेरी फिरत फिरत दोघे समोरासमोर आले. धाकट्याने पहिला भाग म्हटला, टेबलाकडे बघत. थोरले गप्प राहिले. ते गप्प राहणं फार मोठं नव्हतं, पण आजीने हातातला पाव टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, 'वाइस्तिनु से रोदी.' तीनदा गाल लागले, दोन्ही माणसं दाढी न केलेली, त्याचा आवाज आला. नंतर भाजलेलं डुक्कर आलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. वाद मिटला का? नाही. ओळींचं प्रकरण अजून कोर्टात आहे असं ऐकते. पण त्या दिवशी मीठ मागितलं गेलं.

तर गेलं वर्ष. मी पहिली आले त्याच वर्षी, एप्रिलअखेर, आलुबुखारा पूर्ण फुललेला असताना एका रात्री कडक थंडी पडली. मैत्रिणीने सकाळचा फोटो पाठवला. फुलं झाडावरच होती, पण प्रत्येक फुलाच्या मधला भाग काळा पडलेला. लांबून पांढरी दिसणारी फांदी जवळून बघितली की संपलेली. फूल चिरून बघतात, म्हणाली, आत बारीकसं हिरवं दिसलं तर फळ धरेल. काळं दिसलं तर घरी जायचं. त्यांनी बऱ्याच झाडांवर चिरून बघितलं आणि घरी गेले. त्या बागेतून राकियाला पुरेल एवढंही फळ निघालं नाही. सप्टेंबरात वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मैत्रिणीची नोकरी गेली, नोव्हेंबरात दुसरी मिळाली, कमी पगाराची. यातल्या कशाचाही संबंध माझ्याशी तिने एकदाही जोडला नाही. मीच जोडत होते. थंडी सगळ्या शुमादियावर पडली होती, ज्या घरांत धडधाकट मुलांनी ठिणग्या उडवल्या त्यांच्याही बागांवर, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी डिसेंबर लागला तसा मी विचार करायला लागले की या वेळी दुपारी पाठवावं, तोवर शेजारचा कुणी येऊन गेलेला असेल. न सांगता, अगदी प्रेमाने, स्वतःलाच 'तू जरा आत बस' म्हणत होते.

शेवटी मी मैत्रिणीला फोन करून सरळ विचारलं. ती आधी खूप हसली, मग थोडी रागावली, मग म्हणाली, थांब, आजीलाच विचारते. आजी आता नव्वदीला टेकलीये, ऐकू कमी येतं, म्हणून प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला. मला पलीकडून चुलीच्या दाराचा आवाज येत होता. आजीने पूर्ण ऐकून घेतलं आणि निकाल दिला. फोनमधून आलेला माणूस पोलोझायनिक होत नाही. त्याने उंबरा ओलांडलेला नाही, डहाळी हातात धरलेली नाही, त्याच्या अंगावर गहू टाकता येत नाही, त्याला कांबळं पांघरता येत नाही. गेल्या वर्षीचा पोलोझायनिक शेजारचा तोच मुलगा होता, तो साडेसहाला आला होता, आणि थंडीबद्दल विचारायचंच असेल तर त्याला विचारा, त्याने ठिणग्या फार आळसाने पाडल्या. त्याला या वर्षी सांगितलेलं नाही. त्याच्या धाकट्या भावाला सांगितलंय.

'आणि तिचा मेसेज?' मैत्रिणीने विचारलं.

तो येऊ दे, आजी म्हणाली, त्याला उत्तर द्यायचं, आलेल्याला उत्तर द्यायचंच असतं. मग तिने काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मैत्रिणीने नंतर लिहून पाठवलं: आजी म्हणते, एवढी काळजी वाटत असेल तर पुण्याच्या बाईने एकदा सातच्या आत इथे स्वतः यावं आणि चुलीत नीट दणका द्यावा. बाई असली तरी चालेल, बैल चालायचा तर बाई का नाही.

या सात जानेवारीला मी पावणेदहाला मेसेज पाठवला. उत्तर यायला बरेच तास लागले.